पहिली खरेदी भरपूर, दुसरी खरेदी तोकडी: नवीन उत्पादन विकासावरील एका परीक्षा-प्रकरणाची उकल

अन्न व्यवसाय व्यवस्थापनाच्या प्रश्नपत्रिकेत नवीन उत्पादन विकासाच्या टप्प्यांवर प्रश्न आला की बहुतेक विद्यार्थी कल्पना निर्मितीपासून बाजारात पदार्पणापर्यंतचे आठ टप्पे क्रमाने लिहितात, प्रत्येकाची दोन ओळींत व्याख्या देतात आणि पूर्ण गुणांची अपेक्षा ठेवतात. ‘टप्पे स्पष्ट करा’ असा सरळ प्रश्न असेल तर हे चालते. प्रकरण देऊन ‘चूक कोणत्या टप्प्यावर झाली आणि कंपनीने आता काय करावे’ असे विचारले असेल, तर हेच उत्तर निम्म्या गुणांच्या पुढे जात नाही, कारण त्यात प्रकरणातल्या आकड्यांना हातच लावलेला नसतो. पुढील प्रकरण मी वर्गातील सरावासाठी रचलेले आहे. त्यातील कंपनी आणि आकडे काल्पनिक आहेत, मात्र आकड्यांमधील नाती प्रत्यक्ष व्यवसायात असतात तशीच ठेवली आहेत.

प्रकरण

बिस्किटे बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीने तीन कल्पनांमधून कमी साखरेच्या ओट्स-मनुका बारची निवड केली. संकल्पना चाचणीत २४ टक्के लोकांनी ‘नक्की घेईन’ आणि ३६ टक्के लोकांनी ‘बहुधा घेईन’ असे सांगितले. चव-चाचणीत बारला नऊपैकी सरासरी ७.६ गुण मिळाले आणि प्रयोगशाळेने २४ आठवड्यांचा टिकवणकाळ मान्य केला. त्यानंतर दोन शहरांत २४ आठवडे चाचणी विपणन झाले. पहिल्या दोन महिन्यांत दुकानदारांकडून मागणीवर मागणी येत राहिली आणि विक्री विभागाने देशभर पदार्पण करण्याची शिफारस केली. चाचणी संपल्यावर ग्राहक-पॅनेलचा अहवाल हाती आला, तेव्हा लक्ष्यगटातील १३ टक्के कुटुंबांनी बार एकदा तरी घेतला होता, पण त्यांपैकी केवळ २२ टक्के कुटुंबांनी तो पुन्हा घेतला होता. कंपनीने पदार्पण करावे काय?

छाननी: बेरीज करण्याआधीचा प्रश्न

छाननीच्या टप्प्यावर कंपनीने पाच निकष आणि त्यांचे भार ठरवले होते. सध्याच्या यंत्रसामग्रीशी जुळणे आणि बाजारातील मागणी यांना प्रत्येकी ०.३, वितरणव्यवस्थेला ०.२, आणि कच्च्या मालाची उपलब्धता व स्पर्धेतील वेगळेपण यांना प्रत्येकी ०.१. बारला या क्रमाने ८, ७, ९, ७ आणि ४ गुण मिळाले. भारांनी गुणून बेरीज केली की ७.४ येते. गोठवलेल्या तयार जेवणाला २, ९, २, ७ आणि ६ गुण मिळाले आणि त्याची बेरीज ५.० झाली. तिसरी कल्पना, प्रथिनयुक्त पेय, ५.५ वर थांबली. किमान मर्यादा ६.५ ठरलेली असल्यामुळे बार पुढे गेला.

बेरीज बहुतेकांना जमते. गोठवलेल्या जेवणाला बाजारातील मागणीसाठी सर्वाधिक, म्हणजे ९ गुण मिळूनही ते वगळणे योग्य होते काय, हा प्रश्न मात्र फार थोडे जण उचलतात. या कंपनीकडे शीतसाखळी नाही. शीतसाखळी नसेल तर गोठवलेले अन्न विकताच येत नाही, आणि ही उणीव दुसऱ्या निकषावरील जास्त गुणांनी भरून निघत नाही. म्हणून चांगल्या छाननीत भारित गुणांच्या आधी ‘असलेच पाहिजे’ अशा अटींची एक चाळणी असते, आणि त्या चाळणीतून पडलेल्या कल्पनेला गुण देण्याची गरजच उरत नाही. छाननीत दोन प्रकारच्या चुका संभवतात, चांगली कल्पना सोडून देण्याची आणि कमकुवत कल्पना पुढे नेण्याची. पहिली चूक सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही, दुसरीचा खर्च मात्र टप्प्यागणिक वाढत जातो. या प्रकरणात बारची निवड यांपैकी कोणतीही चूक नाही, आणि हे उत्तरात स्पष्ट लिहावे लागते, कारण पुढे उत्पादन फसले की मागे वळून ‘कल्पनाच चुकीची होती’ असे म्हणण्याचा मोह होतो.

संकल्पना चाचणी: लोक काय विकत घेतात

कल्पना आणि संकल्पना यांतला फरक परीक्षेत वारंवार विचारला जातो. ‘कमी साखरेचा ओट्स बार’ ही कल्पना झाली. ‘सकाळचा नाश्ता ज्यांचा राहून जातो अशा नोकरदारांसाठी, वाटेत एका हातात धरून खाता येईल असा, मऊ, चघळायला सोपा आणि कमी साखरेचा बार’ ही संकल्पना झाली, कारण तिच्यात कोणासाठी, केव्हा आणि कोणत्या फायद्यासाठी या तिन्ही गोष्टी आल्या. या वाक्यातला ‘मऊ, चघळायला सोपा’ हा भाग वाचकाने लक्षात ठेवावा.

संकल्पना चाचणीत लोक जे सांगतात ते सगळे करत नाहीत, म्हणून सांगितलेल्या इराद्याला कात्री लावावी लागते. या कंपनीने आपल्या आधीच्या उत्पादनांच्या अनुभवावरून ‘नक्की घेईन’चा तीन चतुर्थांश आणि ‘बहुधा घेईन’चा एक चतुर्थांश भाग धरला. २४ चे तीन चतुर्थांश म्हणजे १८, ३६ चा एक चतुर्थांश म्हणजे ९, आणि दोन्ही मिळून २७ टक्के. हे प्रमाण सर्व उत्पादनांना लागू पडणारा नियम नव्हे. ते प्रत्येक कंपनीने आपल्या नोंदींवरून ठरवायचे असते, आणि प्रश्नात ते दिलेले असेल तर तेच वापरायचे असते.

हे २७ टक्केही थेट अंदाजात घालता येत नाहीत. ज्यांना बारविषयी कळेल आणि ज्यांच्या जवळच्या दुकानात तो मिळेल त्यांच्यापुरतेच ते खरे आहेत. कंपनीने ६० टक्के कुटुंबांपर्यंत माहिती पोहोचेल आणि ७० टक्के दुकानांत माल असेल असे धरले होते. २७ टक्क्यांना ०.६ आणि ०.७ ने गुणले की प्रथम खरेदीचा अंदाज ११.३ टक्क्यांवर येतो. उत्तरपत्रिकांत हा गुणाकार गाळलेला मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता प्रश्नातच माहिती आणि उपलब्धतेचे आकडे ठळक छापण्याची सूचना मी करतो.

व्यवसाय विश्लेषण: उंबरठा आधी लिहून ठेवणे

चलन कोणतेही असले तरी हिशेब बदलत नाही, म्हणून येथे नुसती ‘एकके’ वापरली आहेत. कंपनीला एका पाकिटामागे व्यापाऱ्याकडून २० एकके मिळतात आणि बदलता खर्च १२ एकके येतो, म्हणजे योगदान ८ एकके आहे. वर्षाचा स्थिर खर्च १२ लाख एकके आहे. त्याला ८ ने भागले की ना-नफा-ना-तोटा बिंदू वर्षाला दीड लाख पाकिटांवर येतो. लक्ष्यगटात एक लाख कुटुंबे आहेत आणि बार आवडलेले कुटुंब दर दहा दिवसांनी एक, म्हणजे वर्षाला सुमारे ३६ पाकिटे घेईल असे धरले आहे.

आता ११.३ टक्के, म्हणजे ११,३४० कुटुंबांनी एकेक पाकीट घेतले तर विक्री ११,३४० पाकिटांची होते. उरलेली सुमारे १,३८,६६० पाकिटे पुन्हा घेणाऱ्यांकडून यायला हवीत. या संख्येला ३६ ने भागले की ३,८५२ कुटुंबे येतात आणि ती ११,३४० च्या ३४ टक्के होतात. याचा अर्थ असा की पहिल्यांदा घेणाऱ्या दर शंभरपैकी किमान ३४ कुटुंबांनी पुन्हा घेतले तरच उत्पादन स्वतःचा खर्च भागवते. हा आकडा चाचणी विपणनाच्या आधी कागदावर लिहिलेला असावा लागतो. तो आधी लिहिला नाही, तर चाचणीत जो आकडा हाती येईल तोच समाधानकारक वाटू लागतो. या कंपनीत नेमके तेच झाले. विक्री विभागाने दुकानदारांच्या मागणीकडे पाहिले आणि पुनर्खरेदी किती हवी हे कुणी विचारलेच नाही.

सुरुवातीची मागणी फसवी का असते तेही समजून घ्यावे. पहिल्या आठवड्यांत दुकानांच्या रिकाम्या फळ्या भरल्या जात असतात, आणि ग्राहकांची जी खरेदी होते ती जवळजवळ सगळी पहिली खरेदी असते. या दोन्ही गोष्टी एकदाच घडतात. म्हणून पॅनेलवरील कुटुंबांची नोंद, म्हणजे कोणत्या कुटुंबाने केव्हा आणि कितव्यांदा घेतले, हीच चाचणी विपणनातली खरी मोजणी असते. पारफिट आणि कॉलिन्स यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या प्रारूपात दीर्घकालीन बाजारहिस्सा तीन गोष्टींच्या गुणाकारातून काढला जातो. किती जणांनी निदान एकदा घेतले, त्यांच्या पुढील खरेदीत या उत्पादनाचा वाटा किती, आणि ते इतरांच्या तुलनेत किती जास्त किंवा कमी खरेदी करणारे आहेत. एकूण विक्रीचा आलेख या तिन्ही गोष्टी एकत्र मिसळून टाकतो.

उत्पादन विकास: येथे धागा सुटला

चव-चाचणीत वापरलेली नऊ गुणांची आवड-मोजपट्टी अन्न उद्योगात सर्वत्र वापरली जाते. तिच्यावर ७.६ गुण म्हणजे ‘मध्यम आवडले’ आणि ‘खूप आवडले’ यांच्या मधला, चांगलाच निकाल आहे. पण चाचणी एका केंद्रात झाली होती आणि बार दोन दिवसांपूर्वीच बनवलेले होते. लोकांनी एकेक तुकडा खाल्ला, पाणी प्यायले आणि गुण लिहिले. घरी नेऊन दोन आठवडे वापरण्याची चाचणी वेळ वाचवण्यासाठी वगळण्यात आली. चाचणी आपण विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते, न विचारलेल्या प्रश्नाचे देत नाही. १९८५ साली कोका-कोलाने सुमारे दोन लाख लोकांच्या चव-चाचण्यांनंतर पेयाचा नवा नमुना बाजारात आणला आणि ७९ दिवसांत जुने पेय परत आणण्याची घोषणा त्यांना करावी लागली. घोटभर चाखताना कोणते जास्त आवडले हे त्या चाचण्यांनी विचारले होते, नेहमीचे पेय काढून घेतले तर चालेल काय हे पुरेसे विचारले नव्हते.

आता टिकवणकाळाकडे वळू. प्रयोगशाळेने बार ४० अंश सेल्सिअसला सहा आठवडे ठेवले. तापमान दर १० अंशांनी वाढले की बिघाडाचा वेग दुप्पट होतो असे गृहीत धरल्यामुळे २० अंशांच्या तुलनेत वेग चौपट झाला, आणि सहा आठवड्यांवरून २४ आठवड्यांचा निष्कर्ष काढला गेला. खवट वास आणि सूक्ष्मजीव यांची तपासणी झाली आणि दोन्हींत बार उत्तीर्ण झाला. ते अपेक्षितच होते, कारण बारची वॉटर अॅक्टिव्हिटी, म्हणजे सूक्ष्मजीवांना वापरता येण्याजोग्या मोकळ्या पाण्याचे माप, ०.६ पेक्षा कमी होती आणि त्या पातळीखाली सूक्ष्मजीव वाढत नाहीत.

तपासले गेले नाही ते पोत. मनुक्यांची वॉटर अॅक्टिव्हिटी भाजलेल्या ओट्सपेक्षा जास्त असते, आणि ओलावा जास्त वॉटर अॅक्टिव्हिटीच्या घटकाकडून कमीकडे सरकत राहतो. पाकीट कितीही हवाबंद असले तरी हा प्रवास पाकिटाच्या आत चालूच असतो. परिणामी ओट्स नरम पडतात आणि मनुके आक्रसून चिवट होतात. त्यात साखर कमी केल्यामुळे बांधणाऱ्या पाकाची ओल धरून ठेवण्याची ताकदही घटली आणि काही आठवड्यांत संपूर्ण बार ताठ झाला. दोन दिवसांचा बार हातात घेऊन वाकवला तर तो आधी कमानीसारखा वळतो आणि मग सावकाश तुटतो. दहा आठवड्यांचा बार वाकतच नाही, एकदम कटकन मोडतो, आणि मनुका दाताला चिकटून राहतो. प्रयोगशाळेला हे दिसले नाही, याचे एक साधे कारण म्हणजे ४० अंशांच्या कपाटातून काढल्याबरोबर तपासलेला बार उष्णतेमुळे मऊच लागतो. नमुने खोलीच्या तापमानाला येऊ देऊन मगच पोत मोजायला हवा होता. शिवाय वेग दुप्पट होण्याचे गृहीतक प्रत्येक बिघाडाला सारखे लागू पडत नाही. खवटपणा आणि ओलाव्याचा प्रवास तापमानाबरोबर एकाच प्रमाणात वाढतील असे मानायला आधार नाही.

चाचणी विपणनाचे आकडे वाचताना

प्रथम खरेदी ११.३ ऐवजी १३ टक्के झाली, म्हणजे अंदाजापेक्षा जास्त. पण संकल्पना अपेक्षेहून सरस ठरली असे त्यावरून म्हणता येत नाही. प्रकरणाच्या परिशिष्टात दिले आहे की चाचणीच्या शहरांत जाहिरात जोरात झाल्याने माहिती ६० ऐवजी ७० टक्क्यांपर्यंत पोहोचली. २७ टक्क्यांना ०.७ आणि ०.७ ने गुणले की १३.२ येतात. म्हणजे २७ टक्क्यांचा संकल्पनेचा अंदाज अचूक निघाला, आणि वाढ जाहिरातीमुळे झाली. देशभर तेवढी जाहिरात परवडणार नसेल तर १३ टक्केही मिळणार नाहीत.

प्रथम खरेदी वाढल्यामुळे पुनर्खरेदीचा उंबरठाही खाली येतो, आणि तो पुन्हा काढावा लागतो. दीड लाखातून १३,००० वजा करून ३६ ने भागले की ३,८०६ कुटुंबे, म्हणजे १३,००० च्या सुमारे २९ टक्के. प्रत्यक्षात २२ टक्केच मिळाले. २,८६० कुटुंबांची प्रत्येकी ३६ पाकिटे आणि पहिली १३,००० मिळून वार्षिक विक्री १,१५,९६० पाकिटांवर थांबते आणि तोटा होतो. पदार्पण करू नये, हे उत्तर येथे पक्के होते.

प्रथम खरेदी चांगली आणि पुनर्खरेदी कमी असेल तर वचन आवडले पण वस्तू वचनाला उतरली नाही, असे पाठ्यपुस्तकातला नियम सांगतो. याउलट प्रथम खरेदी कमी आणि पुनर्खरेदी चांगली असती, तर जाहिरात आणि वितरण वाढवणे हा उपाय ठरला असता. या प्रकरणात ‘जाहिरात वाढवावी’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने नियम उलटा लावलेला असतो. जाहिरात वाढवली तर निराश होणाऱ्या कुटुंबांची संख्या तेवढी वाढेल.

प्रकरणातला सर्वांत बारीक तपशील पॅनेलच्या तक्त्यात आहे. पहिल्या आठ आठवड्यांत बार प्रथम घेणाऱ्या ५,००० कुटुंबांपैकी ३५ टक्क्यांनी तो पुन्हा घेतला, तर नंतर घेणाऱ्या ८,००० कुटुंबांपैकी केवळ १४ टक्क्यांनी. सुरुवातीला दुकानांत माल ताजा होता, नंतर तो फळीवर जुना होत गेला, त्यामुळे ताठ झालेला बार हेच कारण आहे असे म्हणावेसे वाटते. पण इथे घाई करू नये. उशिरा घेणाऱ्यांना चाचणी संपेपर्यंत पुन्हा घ्यायला वेळच कमी मिळाला. तसेच, नवी वस्तू आधी घेणारे लोक मुळातच जास्त उत्साही असतात. पहिली शंका दूर करण्यासाठी प्रत्येक कुटुंबाला पहिल्या खरेदीपासून सारखेच सहा आठवडे द्यावेत आणि अठराव्या आठवड्यानंतर प्रथम घेणाऱ्यांना मोजणीतून वगळावे. दुसरीसाठी एकाच आठवड्यात प्रथम घेतलेल्या कुटुंबांची पाकिटावरील बॅच क्रमांकांनुसार विभागणी करावी, कारण त्याच आठवड्यात काहींना तीन आठवड्यांचा माल मिळाला असेल आणि काहींना बारा आठवड्यांचा. हा फरक तपासल्यानंतरही जुना माल मिळालेल्यांची पुनर्खरेदी कमीच राहिली, तरच दोष पोताचा मानता येतो. जो विद्यार्थी या दोन शंका उपस्थित करतो त्याला मी या उपप्रश्नाचे पूर्ण गुण देतो, मग त्याच्या वजाबाकीत एखादी चूक असली तरी.

शिफारस

प्रकल्प बंद करावा असे आकडे सांगत नाहीत, कारण छाननी आणि संकल्पना दोन्ही टिकल्या आहेत. कंपनीने उत्पादन विकासाच्या टप्प्यावर परतावे. मनुक्यांवर स्निग्ध पदार्थाचा पातळ थर द्यावा किंवा ते ग्लिसरॉलमध्ये भिजवून त्यांची वॉटर अॅक्टिव्हिटी ओट्सच्या जवळ आणावी, आणि पाकात ओल धरणारा घटक वाढवावा. ग्लिसरॉलने किंचित गोडी येते आणि वेष्टनावरील घटकांची यादी बदलते, त्यामुळे ‘कमी साखर’ या दाव्याची शब्दयोजना पुन्हा तपासावी लागेल. सुधारणेचा खर्च पाकिटामागे एक एकक वाढला तर योगदान ७ एकके होते, ना-नफा-ना-तोटा बिंदू सुमारे १,७१,४०० पाकिटांवर जातो आणि १३ टक्के प्रथम खरेदी धरली तरी पुनर्खरेदीचा उंबरठा २९ वरून जवळजवळ ३४ टक्क्यांवर चढतो. ताज्या बारला उत्साही ग्राहकांकडूनही ३५ टक्केच मिळाले होते, म्हणजे हातात अवघा एका टक्क्याचा अवकाश उरतो. म्हणून आठ आणि सोळा आठवडे साठवलेले बार देऊन घरगुती वापराची चाचणी आधी घ्यावी. त्यातून पुन्हा घेण्याचा इरादा पुरेसा दिसला, तर निवडक दुकानांत लहान नियंत्रित चाचणी करावी. तो दिसला नाही, तर दुसऱ्या चाचणी विपणनावर पैसे घालू नयेत.